रंगभवन ते रिलीज रडार: मुंबईच्या रॉक बँडला श्रोता कसा मिळतो

रेडिओच्या जमान्यात कोणतं गाणं वाजेल, हे स्टेशनवरची मोजकी माणसं ठरवत. इंग्लंड-अमेरिकेत रॉक त्याच वाटेने घराघरांत गेला. मुंबईत ते दार कधी नीट उघडलंच नाही. आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताला थोडाच वेळ होता आणि 2002 मध्ये आलेली खासगी एफएम स्टेशनं लवकरच हिंदी चित्रपटगीतांवर स्थिरावली. त्यामुळे इथल्या बँडचा श्रोता तयार झाला तो कॉलेजच्या महोत्सवांत आणि धोबी तलावच्या रंगभवनात, जिथे 1986 मध्ये ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, म्हणून परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथले कार्यक्रमही थांबले.

फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्राम रील्स सुरू झालं. आता गाणं लोकांपुढे ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण तारखा पाळाव्या लागतात.

समजा, दादरचा एखादा मराठी रॉक बँड शुक्रवारी गाणं काढतोय. गाणी स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या वितरक कंपनीकडे ते तीन-चार आठवडे आधी गेलेलं बरं. मग ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ या कलाकारांसाठीच्या सोयीतून भाषा, शैली, वाद्यं नोंदवून ते स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांकडे पाठवायचं. हे किमान सात दिवस आधी केलं, तर संपादकांनी गाणं निवडलं नाही तरी बँडला फॉलो करणाऱ्यांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत ते पोचतं. त्याच नावाचा दुसरा बँड असेल, तर गाणं त्याच्याच पानावर जाऊन बसू शकतं. आठवडाभर आधी पान तपासलं की ते दुरुस्त करायला वेळ मिळतो.

खरी कसोटी पुढे आहे. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकणं मोजलं जात नाही. चाळीस सेकंदांची गिटारची सुरुवात रंगभवनात चालली असती, कारण तिकीट काढून आलेला माणूस थांबायचा. इथे तो अंगठ्याने पुढे जातो. म्हणून बरेच बँड गाण्याची धून आधीच रीलमध्ये टाकतात. आम्हाला मात्र गाणंच कापून लहान करणं पटत नाही. रीलसाठी वेगळा तुकडा घ्यावा.

सगळ्यात मोठं नुकसान विकत घेतलेल्या ऐकण्यांनी होतं. आकडा एकदम चढला, पण गाणं सेव्ह करणारे आणि फॉलोअर वाढले नाहीत, ऐकणारे सगळे एखाद्या अनोळखी परदेशी शहरातले निघाले, तर संशय घ्यावा. अशी ऐकणी वजा होतात, कधी गाणंही काढलं जातं.

खरी ऐकणी कुठून येतात, हेही ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’मध्येच कळतं. प्लेलिस्टमधून आलेला श्रोता अनेकदा बँडचं नावही वाचत नाही. बँडचं पान उघडून किंवा स्वतःच्या यादीतून ऐकणारा वेगळा. पुण्यात असे श्रोते वाढत असतील, तर पुढचा कार्यक्रम तिथे ठरवायला आधार मिळतो.