एनपीए खाते पुन्हा ‘स्टँडर्ड’ केव्हा होते? वर्गवारी आणि तरतुदीची पार्श्वभूमी

कर्जखात्यांची स्टँडर्ड, सबस्टँडर्ड, डाउटफुल आणि लॉस ही चार गटांतील विभागणी १९९२ साली आली. त्याआधी १९८५पासून खात्यांना आठ प्रकारचे आरोग्य-संकेतांक दिले जात. मात्र कोणता संकेतांक द्यायचा हे बरेचसे शाखेच्या मतावर अवलंबून होते, आणि वसूल न झालेले व्याजही नफ्यात जमा होत राहत असे. नव्या निकषांनी हा निर्णय थकबाकीच्या कालावधीला बांधून टाकला. बँकांना एकदम धक्का बसू नये म्हणून खाते एनपीए म्हणजे अनुत्पादक ठरवण्यासाठी आरंभी चार तिमाहींची थकबाकी ही मर्यादा ठेवली गेली, ती १९९५पर्यंत दोन तिमाहींवर आली आणि मार्च २००४पासून ९० दिवसांची झाली. एनपीए झालेले खाते आधी सबस्टँडर्ड होते; डाउटफुल होण्यापूर्वी या गटात राहण्याची मुदतही २४ महिन्यांवरून १८ आणि मार्च २००५पासून १२ महिन्यांवर आली.

तरतूद म्हणजे कर्ज बुडण्याच्या शक्यतेपोटी बँकेने नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम. तिचे सध्याचे मुख्य दर मे २०११मधले आहेत. ते व्यापारी बँकांसाठी आहेत. नागरी सहकारी बँकांचे काही दर वेगळे आहेत. तारण असलेल्या सबस्टँडर्ड खात्यासाठी १० टक्क्यांऐवजी १५ टक्के तरतूद लागू झाली. डाउटफुल खात्यात तारणाने झाकलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, पुढची दोन वर्षे ४० टक्के आणि त्यानंतर पूर्ण तरतूद करावी लागते. तारणाबाहेरच्या रकमेवर मात्र पहिल्या दिवसापासून १०० टक्के. समजा, येणे बाकी २० लाख आणि तारणाचे वसूल होण्याजोगे मूल्य १२ लाख आहे. सबस्टँडर्ड असताना तरतूद ३ लाखांची होते. खाते डाउटफुल झाले की १२ लाखांवर २५ टक्क्यांप्रमाणे ३ लाख आणि उघड्या राहिलेल्या ८ लाखांची पूर्ण रक्कम, अशी एकूण ११ लाखांची. म्हणजे तारण अपुरे असेल तर खरा भार सबस्टँडर्डकडून डाउटफुलकडे जाताना पडतो, आणि म्हणूनच त्याआधी खाते स्टँडर्डमध्ये परत आणण्याची धडपड सर्वाधिक असते.

खाते परत स्टँडर्ड केव्हा करायचे, या वादाचे मूळ इथेच आहे. थकलेले व्याज व मुद्दल भरले की खाते एनपीए राहत नाही, असे जुन्या नियमाचे शब्द होते. किती थकबाकी भरली म्हणजे पुरे, याचा अर्थ कर्ज देणाऱ्या संस्थांनी आपापल्या सोयीने लावला. कोणी फक्त व्याजाची थकबाकी पुरेशी मानली, तर कोणी सर्वांत जुना हप्ता ९० दिवसांच्या आत आला की खाते वर चढवले. नोव्हेंबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की व्याज व मुद्दल यांची संपूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खाते स्टँडर्ड करता येणार नाही, आणि वर्गवारी दररोज दिवसअखेरीच्या प्रक्रियेतच झाली पाहिजे. बिगर-बँक वित्त कंपन्यांमध्ये यावर नाराजी उमटली आणि खाते वर आणण्याच्या अटीपुरती त्यांना सप्टेंबर २०२२अखेरपर्यंत सवलत मिळाली.

फरक कसा पडतो, ते तारखांवरून कळते. १० जानेवारी २०२३ला देय असलेला हप्ता आला नाही तर खाते त्याच दिवसअखेरीस एसएमए-० होते, म्हणजे एनपीएआधीच्या इशाऱ्याच्या पहिल्या पायरीवर येते, मग ९ फेब्रुवारीला एसएमए-१, ११ मार्चला एसएमए-२ आणि १० एप्रिलला एनपीए. त्या दिवशी चार हप्ते थकलेले असतात. कर्जदाराने लगेच दोन हप्ते भरले, तर सर्वांत जुनी थकबाकी मार्चची, म्हणजे अवघ्या ३१ दिवसांची उरते. जुन्या प्रथेत अनेक ठिकाणी हे खाते त्याच आठवड्यात स्टँडर्ड झाले असते. आता ते एनपीएच राहते.

माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, कारण एक-दोन हप्त्यांच्या आधाराने वर चढवलेले खाते पुढच्याच तिमाहीत पुन्हा घसरत असे आणि मधल्या काळात त्यावरची तरतूद मोकळी करून नफा वाढलेला दाखवला जाई. परंतु छोट्या व्यावसायिकावर त्याचा जो भार पडतो, तोही खरा आहे. वरच्या उदाहरणातला कर्जदार त्यानंतर दरमहा ठरलेला हप्ता नेमाने भरत राहिला, पण मागचे दोन हप्ते कधीच एकत्र उभे करू शकला नाही, तर त्याची थकबाकी वाढत नाही आणि तरीही बारा महिन्यांची गणना १० एप्रिल २०२३पासूनच चालू राहते. एप्रिल २०२४मध्ये ते खाते डाउटफुल होते. अशा कर्जदाराच्या बाबतीत शाखेने पहिल्या काही महिन्यांतच त्या दोन हप्त्यांइतकी रक्कम वेगळी उभी करायला सांगणे गरजेचे असते. केवळ चालू हप्ता वेळेवर येतो एवढ्यावर समाधान मानले, तर तरतुदीचा बोजा वर्षभरात दोन्ही बाजूंना अडचणीत आणतो.