उंची, पण कुठपासून?

सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकाला एक विद्यार्थी टेप घेऊन ऑटो लेव्हलपाशी, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजायच्या दुर्बिणीपाशी गेला. टेपचं टोक जमिनीला टेकवलं, दुर्बिणीच्या मध्यापर्यंत ओढलं आणि वहीत 'उपकरणाची उंची' या रकान्यात लिहिलं: 1.460. मोजमाप व्यवस्थित होतं. चूक माझी होती, कारण त्या रकान्याचं मराठी नाव मीच केलं होतं.

2021-22 पासून अभियांत्रिकीचं शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून द्यायला एआयसीटीईची परवानगी मिळाली. तेव्हापासून फील्ड बुकचे नमुने मराठीत करून देण्याचं काम माझ्याकडे येत राहिलं. बहुतेक शब्द सरळ आहेत. आकडे आखलेल्या उभ्या पट्टीला, म्हणजे स्टाफला, स्टाफच म्हणतात, खुंटीला खुंटी, आणि 'राइज अँड फॉल'ला 'चढ-उतार' हा शब्द तर मुळातूनच मराठी वाटतो. अडचण येते ती `HI` या दोन अक्षरांपाशी. लेव्हलच्या वहीत आणि कोन व अंतर दोन्ही मोजणाऱ्या टोटल स्टेशनच्या वहीत ही अक्षरं दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतात. इंग्रजीत दोन्हींना 'हाइट ऑफ इन्स्ट्रुमेंट' म्हणतात. मराठीत दोन्हींना 'उपकरणाची उंची' म्हटलं की गोंधळही शब्दाबरोबर मराठीत येतो.

आधी लेव्हल पाहू. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून खोलीच्या चारही भिंतींवर एका पातळीच्या खुणा करतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लेव्हलची दुर्बीण तेच करते, फक्त पाण्याऐवजी नजरेने. बबल मध्यात आणून दुर्बीण गोल फिरवली, की तिची नजर हवेत एक आडवी पातळी आखते. समजा, सगळं मैदान त्या पातळीपर्यंत पाण्याने भरलं आहे. मग स्टाफवर दिसणारा आकडा म्हणजे त्या जागी पाणी किती खोल आहे ते. रीडिंग जितकं मोठं तितकी जमीन खाली, हे विद्यार्थ्यांना उलटं वाटतं. पण पाण्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

आता या काल्पनिक पाण्याच्या पृष्ठभागाचा आरएल किती, म्हणजे समुद्रसपाटीपासून ते किती उंच आहे, एवढंच शोधायचं उरतं. त्यासाठी स्टाफ बेंचमार्कवर, म्हणजे आरएल आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेवर धरायचा. आमच्या बेंचमार्कचा आरएल 560.000 मीटर होता आणि तिथलं रीडिंग 1.435. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग 561.435 वर. लेव्हलच्या वहीतला `HI` तो हाच. दुर्बीण जमिनीपासून किती वर आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही, कारण लेव्हल बेंचमार्कवर उभी नसते. ती कुठेतरी मधे, सोयीच्या जागी उभी असते आणि तिच्या पायाखालच्या जमिनीचा आरएल कुणालाच माहीत नसतो.

त्या मुलाने 560.000 मध्ये टेपचे 1.460 मिळवले आणि 561.460 लिहिले. खरा आकडा 561.435. मैदान जवळजवळ सपाट असल्यामुळे चुकीचं उत्तरही बरोबर दिसत होतं, फरक फक्त 25 मिलिमीटरचा. लेव्हल हलवण्याआधीचं शेवटचं रीडिंग 0.865 होतं, म्हणून शेवटच्या बिंदूचा आरएल त्याच्या वहीत 560.595 आला. चूक पकडली ती वहीच्या पानाखाली करायच्या तपासणीने. पहिल्या रीडिंगमधून शेवटचं वजा केलं की 0.570 मिळतात, म्हणजे जमीन 0.570 ने चढायला हवी. वहीत ती 0.595 ने चढली होती. लेव्हलच्या वहीचा हा मोठा गुण आहे: `HI` चुकीचा काढला तर ती बोलते. अर्थात स्टाफच चुकीचा वाचला, तर ही तपासणी गप्प बसते, कारण ती फक्त बेरीज-वजाबाकी पाहते.

टोटल स्टेशनची गोष्ट वेगळी. ते माहितीच्या खुंटीच्या बरोबर डोक्यावर उभं करतात, आणि इथे टेप खरोखरच लागते. खुंटीच्या डोक्यापासून यंत्राच्या बाजूला असलेल्या खुणेपर्यंत मोजायचं आणि तो आकडा यंत्राला सांगायचा. काही यंत्रांच्या स्क्रीनवर त्यासाठी `hi` असतं, काहींवर `INS.HT`. मोजायच्या बिंदूवर धरलेल्या प्रिझमच्या उंचीसाठी `hr` किंवा `R.HT`. आम्ही 560.570 आरएलच्या खुंटीवर यंत्र लावलं, उंची 1.520 भरली. प्रिझम 1.600 वर होता, तिरकं अंतर 80.000 मीटर आणि नजर दीड अंश वर. दीड अंशाने 80 मीटरमध्ये 2.094 मीटरचा चढ येतो. आता पायरीपायरीने जायचं: खुंटीवरून यंत्रापर्यंत वर, यंत्रापासून प्रिझमपर्यंत वर, प्रिझमपासून जमिनीपर्यंत खाली.

```
560.570 + 1.520 + 2.094 - 1.600 = 562.584
```

समजा, टेप वाचताना 1.520 ऐवजी 1.620 भरलं गेलं. त्या जागेवरून घेतलेले सगळे बिंदू दहा सेंटिमीटर वर जातील, पण सगळे सारखेच. रस्त्याचा उतार, कंटूरचा आकार, सगळं सुरेख दिसेल. यंत्राला चूक कळायला काही मार्ग नाही, कारण टेपचा आकडा त्याने मोजलेला नाही, आपण सांगितलेला आहे. ती उघड होते पुढच्या सेटअपला. तिथे उंची बरोबर भरली, तर दोन सेटअपच्या सांध्यावर नकाशात दहा सेंटिमीटरची पायरी उगवते, जी जमिनीवर नसते. म्हणून कामाला लागण्याआधी प्रिझम दुसऱ्या एखाद्या माहितीच्या बिंदूवर धरून आरएल जुळतो का पाहायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

"आता जीपीएस आणि ड्रोन आलेत, लेव्हल कशाला शिकवता?" असं मला हमखास विचारतात. उपग्रह मूळ जी उंची देतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंत पन्नास मीटरहून जास्त फरक आहे. दुरुस्ती न करता मोजलं तर मुंबईचा समुद्रकिनारा शून्याच्या पन्नास मीटरहून जास्त खाली निघतो. यंत्र महाग असलं तरी 'कुठपासून?' हा प्रश्न सुटत नाही.

`BS`चंही, म्हणजे 'बॅकसाइट'चंही, असंच आहे. 'मागचं रीडिंग' म्हटलं की मुलं स्टाफ घेऊन पाठीमागे जातात. लेव्हलमध्ये त्याचा अर्थ आरएल माहीत असलेल्या बिंदूवरचं, सेटअपनंतरचं पहिलं रीडिंग, मग तो बिंदू समोर का असेना. टोटल स्टेशनमध्ये `BS` मुख्यतः दिशेसाठी असतो: माहितीच्या बिंदूकडे नजर लावून यंत्राला आडव्या कोनाची सुरुवात सांगायची.

नव्या नमुन्यात मी अक्षरं तशीच ठेवली, कारण साइटवर आणि स्क्रीनवर तीच भेटणार. शेजारचं मराठी मात्र बदललं. लेव्हलच्या वहीत `HI`पुढे आता 'नजरेच्या पातळीचा आरएल' आहे आणि `BS`पुढे 'माहितीच्या बिंदूवरचं पहिलं रीडिंग'. टोटल स्टेशनच्या पानावर सगळ्यात वर एक ओळ आहे: 'खुंटीच्या डोक्यापासून यंत्राच्या खुणेपर्यंत ______ मीटर, दोनदा मोजले'. दुसऱ्या वेळी टेप दुसऱ्या मुलाने धरायची.