माहिती अधिकारातील उत्तराचा गोषवारा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली आलेले उत्तर मुद्देवार वाचून काय मिळाले, काय नाकारले आणि नकाराचे कारण काय दिले, याची केलेली छोटी नोंद. पहिले अपील लिहिण्याआधी ती काढतात. ती नीट उतरली, तर अपिलाचा मजकूर जवळपास तयारच असतो.

गोषवारा अर्जाच्या क्रमाने लिहायचा, उत्तराच्या क्रमाने नव्हे. ‘मुद्दा १ ते ४ ची माहिती सोबत जोडली आहे’ असे एका ओळीत आलेले असते आणि पाने मोजली की फक्त पहिल्या मुद्द्याची निघतात. म्हणून अर्जातला प्रत्येक प्रश्न डावीकडे उतरवून त्यासमोर जोडलेल्या पानांची संख्या आणि जन माहिती अधिकाऱ्याचे नेमके शब्द ठेवतात. अधिकाऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत बदलले की पुढे घोटाळा होतो.

उदाहरणार्थ, ठाण्यातील एका वसाहतीसमोरचा काँक्रीटचा रस्ता वर्षभरात उखडला आणि रहिवाशाने पाच गोष्टी मागितल्या, असे समजू. कार्यादेशाची प्रत मिळाली. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोष कंत्राटदाराने स्वतः दुरुस्त करून देण्याची मुदत, विचारला होता; तो त्याच कार्यादेशात तीन वर्षे लिहिलेला आहे. हे दोन्ही मुद्दे ‘मिळाले’ या रकान्यात जातात, जरी दुसऱ्यासमोर उत्तरात काहीच लिहिलेले नसले तरी. कंत्राटदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती कलम ८(१)(घ) दाखवून नाकारल्या. झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या मोजमाप पुस्तकाबद्दल ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे लिहिले. ‘रस्ता का उखडला?’ याला ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ एवढेच उत्तर आले.

शेवटच्या तिन्ही ठिकाणी अर्जदार सहसा ‘माहिती दिली नाही’ असे एकच लिहितो. गोषवारा फसतो तो इथेच. देयकांचा नकार हा खरा नकार आहे, त्याला कलम आहे. (घ) हा अपवाद व्यापारी गुपिते आणि स्पर्धेतील स्थानाला बाधा आणणारी माहिती यांसाठी आहे, पण काम देऊन, पैसे चुकते झाल्यावर कोणती बाधा येते ते उत्तरात लिहिलेले नाही. नकाराची कारणे कळवणे कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) अधिकाऱ्यावरच टाकते. म्हणून गोषवाऱ्यात ‘कलम दिले, कारण दिले नाही’ असे लिहावे. देयकाचा एखादा भाग खरोखर गोपनीय असला, तरी तो झाकून उरलेला देण्याची सोय कलम १० मध्ये आहे.

मोजमाप पुस्तक मात्र नाकारलेले नाही. ‘सापडत नाही’ हा कायद्यातल्या अपवादांपैकी एकही नाही, त्यामुळे हा मुद्दा ‘नाकारली’च्या रकान्यात टाकला तर अपिलात चुकीचे कलम शोधत बसावे लागते. त्याचा रकाना वेगळा ठेवून कुठे शोध घेतला आणि ताबा कोणाकडे होता, हे अपिलात विचारावे. पाचव्या मुद्द्यात अधिकाऱ्याचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे: कार्यालयात नसलेले मत तयार करून देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. तिथे अपील करण्यापेक्षा नवा अर्ज करून रस्त्याच्या पाहणी अहवालाची प्रत मागणे बरे.

कलमांची अक्षरे जपून उतरवावीत. मराठी पाठात (ज) म्हणजे तपासात अडथळा आणणारी माहिती आणि (ञ) म्हणजे वैयक्तिक माहिती. पण इंग्रजी अक्षराच्या उच्चारावरून वैयक्तिक माहितीलाही सर्रास ‘८(१)(जे)’ लिहिले जाते, आणि नकलेत त्याची मात्रा गळली की अर्थच पालटतो. शंका असेल तर कलमासमोर उत्तरातील कारणाचे शब्दही ठेवावेत. वैयक्तिक माहितीच्या या अपवादात पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध आणि खासगीपणावरील अवाजवी आक्रमण या कसोट्या होत्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने त्या काढल्या. कलम ८(२) मधला व्यापक जनहिताचा आधार उरला आहे.

तारखा तीन लिहितात: अर्ज कार्यालयात पोहोचल्याची, उत्तरावरची आणि लिफाफ्यावरील टपाल शिक्क्याची. वरच्या उदाहरणात अर्ज ३ मार्चला पोहोचला, तर उत्तराचे ३० दिवस २ एप्रिलला संपतात. उत्तरावर २८ मार्च आहे, शिक्का ९ एप्रिलचा. लिफाफा टाकून दिला, तर उशीर दाखवायला हाती काही राहत नाही, आणि मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क मिळण्याचा कलम ७(६) मधला हक्कही मागता येत नाही. पहिल्या अपिलाचे ३० दिवस उत्तर हाती पडल्यापासून मोजतात. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाते. ठाणे जिल्ह्यासाठी त्याचे कोकण खंडपीठ बेलापूरच्या कोकण भवनात आहे.