हप्त्याच्या पोटात: व्याज किती, मुद्दल किती

गृहकर्जाचं पहिलं वर्ष संपलं की बँकेचं विवरणपत्र हातात येतं आणि घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: वर्षभर हप्ते भरले, पण कर्ज जागचं हललं नाही. तक्रार खोटी नाही. ३० लाखांचं कर्ज, ७ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता बसतो २३,२५९ रुपये. पहिल्या वर्षात असे बारा हप्ते म्हणजे जवळपास २ लाख ७९ हजार रुपये जातात. त्यातले २ लाख ७ हजार ७४० व्याजात जातात आणि मुद्दलातून उणे होतात जेमतेम ७१ हजार ३६८. यावरून लोक एक निष्कर्ष काढतात, की बँक आधी आपलं सगळं व्याज वसूल करून घेते आणि मग मुद्दलाला हात लावते. मला हा निष्कर्षच तपासून पाहायचा आहे, कारण तो चुकीचा आहे आणि त्याच्या भरवशावर लोक पुढचे निर्णय घेतात.

पहिला महिना बघू. वर्षाला ७ टक्के म्हणजे महिन्याला त्याचा बारावा भाग, ०.५८३३ टक्के. तीस लाख रुपये महिनाभर वापरायला मिळाले, त्याचं व्याज १७,५०० रुपये. हप्ता २३,२५९ चा आहे, म्हणून उरलेले ५,७५९ मुद्दलात जमा होतात. झाला पहिला महिना. आता शिल्लक २९,९४,२४१ रुपये. दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिलकीवर लागतं, मूळच्या तीस लाखांवर नाही. ते होतं १७,४६६. हप्ता तोच असल्यामुळे मुद्दलात या वेळी ५,७९३ रुपये जातात. घटत्या शिलकीची पद्धत म्हणतात ती हीच. बँक दर महिन्याला फक्त त्या महिन्याचं व्याज घेते. पुढच्या वर्षांचं व्याज आगाऊ घेत नाही आणि मागचं थकवतही नाही. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं, कारण सुरुवातीला कर्जच जास्त असतं.

मग ५,७५९ चे ५,७९३ कसे झाले? फरक आहे साधारण ३४ रुपयांचा. ५,७५९ रुपये फिटले, त्यामुळे त्या ५,७५९ वरचं महिन्याचं व्याज वाचलं, आणि ५,७५९ च्या ०.५८३३ टक्के म्हणजेच हे ३४ रुपये. वाचलेले ३४ रुपये कुठे बाहेर गेले नाहीत, कारण हप्ता ठरलेला आहे. ते मुद्दलाच्या खात्यावर चढले. तिसऱ्या महिन्यात हेच पुन्हा घडतं आणि मुद्दलाचा भाग ५,८२६ होतो. म्हणजे हप्त्यातला मुद्दलाचा भाग दर महिन्याला नेमका ०.५८३३ टक्क्यांनी वाढत जातो. कर्जाचा जो व्याजदर, तोच या वाढीचा दर. मुदत ठेवीत पैसे ठेवल्यावर ज्या चक्रवाढीचं आपल्याला कौतुक वाटतं, तीच चक्रवाढ इथे कर्ज फेडायच्या कामाला लागलेली असते. फक्त तिची सुरुवात ५,७५९ या छोट्या रकमेपासून होते, म्हणून पहिली काही वर्षं ती डोळ्यांत भरत नाही.

हप्त्याची रक्कम कुठून येते, तेही यातच दडलेलं आहे. मुद्दलाचे २४० तुकडे, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा ०.५८३३ टक्क्यांनी मोठा, आणि सगळ्यांची बेरीज बरोबर तीस लाख. या अटीत पहिला तुकडा ५,७५९ चाच बसतो. त्यात पहिल्या महिन्याचं व्याज १७,५०० मिळवलं की हप्ता तयार. शाळेत गुणोत्तर श्रेढी शिकलेल्यांना सूत्र ओळखीचं वाटेल. P म्हणजे कर्ज, r म्हणजे महिन्याचा दर, n म्हणजे हप्त्यांची संख्या:

```
EMI = P × r × (1 + r)^n / ((1 + r)^n − 1)
```

सूत्रात हात घालायचा नसेल तर एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये तीन ओळी पुरतात. पहिली हप्ता देते, दुसरी पहिल्या महिन्याचं व्याज आणि तिसरी त्याच महिन्याचं मुद्दल. मधला १ बदलून ६० केला की साठाव्या हप्त्याची फोड मिळते.

```
=PMT(7%/12, 240, -3000000)
=IPMT(7%/12, 1, 240, -3000000)
=PPMT(7%/12, 1, 240, -3000000)
```

असं पुढे पुढे जात राहिलं की दोन टप्पे लक्षात राहण्यासारखे येतात. १२२ व्या हप्त्यात, म्हणजे दहा वर्षं उलटून गेल्यावर, मुद्दलाचा भाग पहिल्यांदा व्याजापेक्षा मोठा होतो. पण निम्मं कर्ज तेव्हाही फिटलेलं नसतं. तीस लाखांतले पंधरा लाख फिटायला १५९ वा हप्ता उजाडतो, म्हणजे सव्वातेरा वर्षं जातात. उरलेले पंधरा लाख पावणेसात वर्षांतच संपतात. शेवटच्या हप्त्यात व्याज असतं फक्त १३५ रुपये, बाकी सगळं मुद्दल. वीस वर्षांत एकूण व्याज जातं २५ लाख ८२ हजार.

आता या पहिल्या तुकड्याच्या छोटेपणाचा धोका बघू. तो २०२२ मध्ये अनेक कर्जदारांना प्रत्यक्ष अनुभवायला मिळाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडलेली असतात. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. म्हणजे ७ टक्क्यांचं कर्ज नऊ महिन्यांत साडेनऊ टक्क्यांचं झालं.

आपल्या उदाहरणात एक वर्ष झालंय आणि शिल्लक २९,२८,६३२ आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून अडीच टक्क्यांची वाढ एकदमच झाली असं धरू. साडेनऊ टक्क्यांनी या शिलकीवर महिन्याचं व्याज होतं २३,१८५ रुपये. हप्ता आहे २३,२५९. मुद्दलाला उरले ७४ रुपये! साडेपाच-सहा हजारांवरून थेट ७४. चक्रवाढ आता या ७४ रुपयांपासून सुरू होणार. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटलं, तर १९ वर्षांचे राहिलेले २२८ हप्ते वाढून सुमारे ७२९ होतात. म्हणजे साठ वर्षांहून जास्त. वाढ टप्प्याटप्प्याने आली तर आकडा थोडा सौम्य होतो, पण मूळच्या मुदतीच्या आसपासही येत नाही. आणि शिल्लक २९ लाख ३८ हजारांच्या वर असती तर व्याजच हप्त्यापेक्षा जास्त झालं असतं आणि हप्ता भरूनही कर्ज दर महिन्याला वाढलं असतं.

तेव्हा 'हप्ता बदललेला नाही' हा बँकेचा मेसेज वाचून निर्धास्त झालेल्यांची मला खरंच काळजी वाटते. मुदत ठरल्या वेळीच संपवायची असेल तर या उदाहरणात हप्ता २७,७८८ व्हायला हवा, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचा जादा भार. तो जड आहे, पण निदान दिसतो तरी. मुदतवाढीचा भार दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात याची दखल घेतली. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला निवडू द्यावं आणि मुदतवाढीमुळे हप्त्यातून व्याजही न भागण्याची वेळ येऊ नये, असं त्यात सांगितलं आहे.

हेच गणित उलट्या बाजूने चालवलं की मुदतीआधी मुद्दल भरण्याचा फायदा कळतो. पहिल्या वर्षाअखेर वरचा एक लाख रुपये भरला, दर ७ टक्केच राहिला आणि हप्ताही तोच ठेवला, तर कर्ज बाराव्या हप्त्यावरून एका उडीत साडेसत्ताविसाव्या हप्त्याच्या जागी जाऊन बसतं. शेवटचे साडेपंधरा हप्ते गळतात. त्यांची रक्कम ३ लाख ६१ हजार, म्हणजे २ लाख ६१ हजारांचं व्याज वाचलं. तोच एक लाख पंधरा वर्षांनी भरला तर सहाच हप्ते गळतात आणि वाचतात जेमतेम चाळीस हजार. यात लबाडी कुणाचीच नाही. एक लाखावर आधीच्या वेळी अजून १९ वर्षं व्याज लागणार होतं, नंतरच्या वेळी पाचच. मात्र वरचे पैसे भरताना बँकेत स्पष्ट लिहून द्या, की हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला तर खिशाला दरमहा थोडी उसंत मिळते, पण व्याजाची बचत बरीच घटते.

घटत्या शिलकीचा हा न्याय सगळीकडे मिळत नाही. वस्तू किंवा दुचाकी हप्त्यावर घेताना 'फक्त १० टक्के फ्लॅट' असं ऐकू आलं तर थांबा. फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज, मधे कितीही फेडलं तरी. एक लाखावर तीन वर्षांचं ३० हजार व्याज आधीच मिळवायचं आणि १ लाख ३० हजारांना ३६ ने भागायचं. हप्ता ३,६११ रुपये. घटत्या शिलकीच्या पद्धतीत एवढाच हप्ता यायला दर जवळपास १७.९ टक्के लागतो. दोन दुकानांतले दर ताडून बघताना एक फ्लॅट आणि दुसरा घटत्या शिलकीचा असेल तर ती तुलनाच होत नाही.

आपल्या खात्याची फोड बरोबर आहे का, हे तपासायला मागच्या महिन्याची शिल्लक घ्या, वार्षिक दराने गुणा आणि १२ ने भागा. विवरणपत्रातलं व्याज याच्या जवळ असायला हवं. थोडा चढउतार दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका, कारण काही बँका व्याज दिवसांवर काढतात. तीस लाखांवर ७ टक्क्यांनी ३१ दिवसांचं व्याज १७,८३६ येतं आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीचं १६,११०. फरक त्याहून मोठा असेल, तर मधेच दर बदललाय का ते आधी बघा. २०२३ च्या त्याच परिपत्रकानुसार दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणपत्रात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर द्यावा लागतो. त्यातला उरलेल्या हप्त्यांचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी झालेला असायला हवा. तसा तो नसेल आणि तुम्ही एकही हप्ता चुकवला नसेल, तर शाखेत जाऊन मुदत कधी आणि कशासाठी बदलली ते लेखी मागा.