प्रोस्टेट बायोप्सीनंतरचा ताप व लघवीची जळजळ

प्रोस्टेट म्हणजे अष्ठीला ग्रंथी. तिच्यातील कर्करोगाची शंका तपासण्यासाठी सुईने ऊतकाचे तुकडे काढल्यानंतर पहिल्या आठवड्यात थंडी वाजून येणारा ताप आणि त्याबरोबर किंवा त्याच्या थोडे आधी सुरू होणारी लघवीची जळजळ, ही त्या ग्रंथीत जंतुसंसर्ग झाल्याची खूण मानली जाते. हा संसर्ग बहुधा तपासणीनंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उघड होतो, म्हणजे रुग्ण घरी जाऊन रोजच्या कामाला लागलेला असताना. बायोप्सी करून घेणाऱ्यांपैकी थोड्याच जणांना तो होतो. परंतु ज्यांना होतो त्यांच्यात जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. म्हणून या तापाचे निदान रुग्णालयात करावयाचे असते, घरी वाट पाहून नव्हे.

बायोप्सीनंतर काही त्रास अपेक्षितच असतो. पहिले एक-दोन दिवस लघवीच्या सुरुवातीला किंचित चुरचुरते, काही दिवस लघवी गुलाबी दिसते, शौचाच्या वेळी रक्ताचा डाग पडतो आणि वीर्य तर कित्येक आठवडे तांबूस किंवा तपकिरी राहू शकते. ही लक्षणे दिवसागणिक कमी होत जातात आणि त्यांच्याबरोबर ताप नसतो. संसर्गाची जळजळ उलट चालते: दोन दिवस बरे वाटल्यानंतर ती नव्याने सुरू होते, तासागणिक वाढते, लघवीला सारखे जावेसे वाटते पण थेंब थेंबच होते, आणि ओटीपोट किंवा गुदद्वाराच्या पुढचा भाग जड पडतो. शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक झाले, अथवा तापमान मोजण्याआधीच हुडहुडी भरली, की दिवस-रात्र न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे. वयस्क आणि मधुमेही रुग्णांत ताप फारसा न चढताही संसर्ग गंभीर असू शकतो. अशा वेळी गळून जाणे, असंबद्ध बोलणे किंवा श्वास जलद होणे हीच पहिली लक्षणे ठरतात.

हा संसर्ग होतो कसा, हे समजले की घाई कशासाठी तेही समजते. प्रचलित पद्धतीत सोनोग्राफीचे उपकरण गुदाशयात ठेवून, स्प्रिंगच्या बंदुकीवर बसवलेली सुई गुदाशयाची भिंत भेदून ग्रंथीत सोडतात आणि साधारण १२ ठिकाणचे तुकडे घेतात. गुदाशयात कोट्यवधी जंतू असतातच. प्रत्येक वेळी सुई त्यांतले काही आत घेऊन जाते आणि रक्तवाहिन्यांनी भरलेल्या ऊतकात सोडते. हे थोपवण्यासाठी बायोप्सीच्या आधी प्रतिजैविक औषध दिले जाते, आणि वर्षानुवर्षे ते औषध बहुतेक ठिकाणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच्या कुळातले दुसरे एखादे होते. भारतात आतड्यातील ई. कोलाय जंतूंमध्ये या कुळाला दाद न देणाऱ्या जातींचे प्रमाण मोठे आहे. (युरोपात २०१९ साली निराळ्या कारणाने, म्हणजे या औषधांच्या दुष्परिणामांमुळे, अशा प्रतिबंधक वापरावर बंधन आले.) गोळीने मरणारे जंतू बायोप्सीच्या दिवशीच मरतात, तिसऱ्या दिवशी ताप आणणारा जंतू हा त्या गोळीला पुरून उरलेला असण्याचीच शक्यता जास्त असते. त्यामुळे घरी उरलेल्या त्याच गोळ्या पुन्हा सुरू करणे, किंवा औषधाच्या दुकानातून तीच पट्टी आणणे, याने बहुधा एवढेच साधते की लघवीच्या तपासणीत जंतू सापडणे अवघड होते आणि एक दिवस वाया जातो.

नाशिक जिल्ह्यात हा दिवस वाया जाण्याच्या तीन वाटा नेहमीच्या आहेत. पहिली भाषेतूनच येते. लघवीच्या जळजळीला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, आणि उन्हाळीवर धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळा हे उपाय घरोघरी ठरलेले आहेत. उन्हात राबून पाणी कमी पडल्याने होणाऱ्या जळजळीत भरपूर पाणी पिण्याचा उपयोग होतो. सुईने आत गेलेल्या जंतूंवर मात्र त्याचा परिणाम होत नाही. दुसरी वाट पॅरासिटामॉलची. ती गोळी ताप उतरवते, संसर्ग नाही. चार-सहा तास घाम येऊन बरे वाटते आणि मंडळी सकाळपर्यंत थांबतात. तिसरी वाट पावसाळ्याची. जुलै ते ऑक्टोबर या काळात थंडीतापाचा रुग्ण समोर आला की डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू व मलेरिया येतात, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. पण रुग्णाने बायोप्सीची तारीख सांगितलीच नाही तर विचार तिथेच थांबतो. आजारपण लाजेच्या जागेचे असल्यामुळे अनेक पुरुष ती सांगत नाहीत, असा अनुभव आहे.

पुढील उदाहरण या आजाराचे नेहमीचे वळण दाखवण्यासाठी रचलेले आहे. निफाड तालुक्यातील ६६ वर्षांचे एक द्राक्ष बागायतदार, मधुमेही, यांची नाशिक शहरात मंगळवारी बायोप्सी झाली आणि तीन दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवण्यात आले. बुधवारी लघवी गुलाबी होती, गुरुवारी स्वच्छ झाली. शुक्रवारी दुपारी जळजळ सुरू झाली आणि घरच्यांनी उन्हाळी समजून धन्याचे पाणी दिले. रात्री नऊला हुडहुडी भरून ताप १०२.४ पर्यंत गेला. मुलाने पॅरासिटामॉल दिले, अकरा वाजता ताप ९९.६ झाला आणि सगळे झोपले. शनिवारी सकाळी गावातले डॉक्टर डेंग्यूच्या तपासणीची चिठ्ठी लिहीत असताना पत्नीने पिशवीतून रुग्णालयाचा कागद काढला व म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मंगळवारी यांचा तुकडा काढलाय, ते लिहा ना.” डॉक्टरांनी कागद वाचून चिठ्ठी बाजूला ठेवली, मूत्ररोगतज्ज्ञांना फोन लावला आणि रुग्णाला लगेच नाशिकला रवाना केले.

अकराच्या सुमारास ते पोहोचले तेव्हा नाडी मिनिटाला ११८, श्वास २४ आणि रक्तदाब ९६/६० होता. रक्तातील पांढऱ्या पेशी १७,८०० होत्या, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन १.९ पर्यंत वाढले होते आणि लॅक्टेट ३.१ होते, म्हणजे ऊतकांना रक्तपुरवठा कमी पडू लागल्याची शंका घेण्याजोगे. सोनोग्राफीत मूत्राशयात सुमारे ४५० मिलिलिटर लघवी तुंबलेली दिसली, कारण सुजलेल्या ग्रंथीने वाट दाबली होती. दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त आणि लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्यासाठी, घेतला गेला, आणि लगोलग शिरेतून मेरोपेनेम हे प्रतिजैविक व सलाइन सुरू झाले. तुंबलेली लघवी बारीक नळीने मोकळी केली. दुसऱ्या दिवशी रक्तात जंतू वाढू लागल्याचे प्रयोगशाळेने कळवले. तिसऱ्या दिवशी तो ई. कोलाय असल्याचे आणि सिप्रोफ्लॉक्सासिन व सेफ्ट्रायॅक्सोन दोन्हींना दाद देत नसल्याचे, मात्र मेरोपेनेम व अमिकासिन यांना देत असल्याचे स्पष्ट झाले. तोवर ताप उतरला होता. सहाव्या दिवशी क्रिएटिनिन १.२ वर आल्यावर त्यांना घरी सोडले, आणि उरलेला कोर्स दिवसातून एकदा घेण्याच्या अर्टापेनेमच्या इंजेक्शनाने गावातल्याच डॉक्टरांकडे पूर्ण झाला.

या उपचारातील क्रमाला महत्त्व आहे. कल्चरचे नमुने औषधाच्या आधी घ्यावयाचे, पण नमुन्यांसाठी औषध अडवून ठेवायचे नाही. रक्तदाब ढासळलेला असेल तर पहिला डोस तासाभरात शिरेत गेला पाहिजे. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून सुरुवातीचे औषध अंदाजाने निवडावे लागते. तो अंदाज त्या भागातील जंतूंच्या अनुभवावर आणि बायोप्सीच्या वेळी दिलेले औषध वगळण्यावर आधारलेला असतो. लघवीच्या साध्या संसर्गावर नेहमी लिहिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन येथे अपुरे पडते, कारण ते मूत्रात पुरेसे उतरते पण ग्रंथीच्या ऊतकात किंवा रक्तात उपयोगी प्रमाणात पोहोचत नाही. लघवीच्या अहवालात ‘लागू पडते’ असे छापलेले असले तरीही. तीव्र सूज असताना गुदद्वारातून ग्रंथी दाबून पाहणे किंवा चोळणे टाळतात, कारण त्याने जंतू रक्तात ढकलले जाऊ शकतात. उपचार साधारणपणे दोन ते चार आठवडे चालतात. योग्य औषध सुरू होऊन ४८ ते ७२ तास झाले तरी ताप हटला नाही, तर ग्रंथीत गळू झाले आहे का हे सीटी स्कॅन, एमआरआय किंवा सोनोग्राफीने पाहावे लागते. पू साठलेला असेल तर बहुधा तो काढल्याशिवाय नुसत्या औषधाने भागत नाही.

संसर्ग टाळण्याचे मार्ग आता बरेच बदलले आहेत. वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून सुई घालण्याच्या पद्धतीत गुदाशयाची भिंत भेदली जात नाही आणि संसर्गाचा धोका कमी राहतो. गुदाशयातूनच बायोप्सी करावयाची असल्यास आधी तो भाग पोव्हिडोन-आयोडीनने स्वच्छ केल्याने संसर्ग घटतो, आणि काही ठिकाणी आधी गुदाशयातील नमुना तपासून त्यातील जंतूंना लागू पडेल तेच औषध निवडतात. मागील काही महिन्यांत प्रतिजैविके घेतली असल्यास, रुग्णालयात राहावे लागले असल्यास, लघवीची नळी असल्यास किंवा मधुमेह असल्यास ते बायोप्सीपूर्वी सांगणे यासाठीच आवश्यक असते.

सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यांतून नाशिकला पोहोचण्यात घाटरस्त्याने बराच वेळ जातो. त्यामुळे बायोप्सीनंतरचा पहिला आठवडा शक्य असल्यास शहराजवळच्या नातेवाइकांकडे काढावा, असा सल्ला काही डॉक्टर देतात, आणि तो रास्त आहे. तसे जमणारे नसेल तर घरात थर्मामीटर ठेवावा आणि बायोप्सीची तारीख, दिलेल्या औषधाचे नाव व रुग्णालयाचा रात्रीही लागणारा फोन क्रमांक असलेला कागद हाताशी असावा. ताप येताच १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. संसर्ग झालेल्या रुग्णात पीएसए हा रक्तातील घटक अनेक आठवडे वाढलेला राहतो. तेव्हाचा आकडा कर्करोग वाढल्याची खूण समजू नये, आणि ही तपासणी पुन्हा करणे संसर्ग पूर्ण ओसरल्यानंतर दीड-दोन महिन्यांपर्यंत लांबवावे. बायोप्सीचा अहवाल मात्र ठरल्या वेळी घ्यावा.