प्री-फ्रॅक्चर भिंत आणि डेब्रिजचा हिशेब

गेममधली भिंत खेळ चालू असताना कापत बसायला वेळ नसतो. म्हणून ती बनवतानाच तिचे तुकडे पाडून ठेवतात, अखंड भिंतीच्या मॉडेलमागे लपवतात आणि पहिला मार बसताच अखंड मॉडेल काढून तुकडे पुढे आणतात. अशा भिंतीला प्री-फ्रॅक्चर भिंत म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यातले भौतिकीच्या वाट्याला बहुधा दोन-तीनच येतात आणि पडलेल्या तुकड्यांचा सगळा खर्च त्यात बसवावा लागतो. हा खर्च भिंतीचे एकूण किती तुकडे केले यावर फारसा ठरत नाही. एका वेळी किती तुकडे जागे आहेत, म्हणजे इंजिन अजून किती तुकड्यांची हालचाल मोजते आहे, आणि ते एकमेकांना किती ठिकाणी टेकले आहेत, यावर तो ठरतो.

उदाहरणासाठी लालबागच्या एखाद्या आरसीसी इमारतीतली, दोन कॉलमांच्या मध्ये बांधलेली नऊ इंची विटांची भिंत घेऊ. लांबी ३ मीटर, उंची ३ मीटर, जाडी २३ सेंटिमीटर. घनफळ साधारण २.०७ घनमीटर होते आणि विटकामाची घनता सुमारे १९०० किलो प्रति घनमीटर धरली तर वजन ३९०० किलोच्या आसपास जाते. तिचे ६० तुकडे केले तर दर्शनी बाजूने एक तुकडा सरासरी ०.१५ चौरस मीटरचा आणि ६५ किलोचा होतो. इमारतीचा भार कॉलम-बीम पेलतात, त्यामुळे ही भिंत पूर्ण पाडली तरी वरचा मजला जागच्या जागी राहणे खरे वाटते. जुन्या भारवाहक भिंतींच्या चाळीत तसे वाटणार नाही. तिथे स्लॅब किंवा लाकडी तक्तपोशीसुद्धा तुटणारी करावी लागते आणि खर्चाचे गणितच बदलते.

तुकडे पाडण्याची नेहमीची पद्धत व्होरोनॉय विभागणीची. भिंतीत बिंदू पेरायचे आणि प्रत्येक बिंदूला जवळचा असलेला भाग त्याच्या नावावर करायचा. ब्लेंडरचे `Cell Fracture` हेच करते, अनरियलच्या फ्रॅक्चर मोडमध्येही ही पद्धत आहे. काँक्रीट किंवा काच यांना ती शोभते. विटांची भिंत मात्र सांध्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी फुटते. व्होरोनॉयच्या सरळ कडा तिला दिल्या की ती चुन्याच्या ढेकळासारखी दिसते. उपाय असा, की आधी विटांचे मॉडेल करायचे आणि प्रत्येक वीट तिला सर्वांत जवळच्या बिंदूला जोडायची. एका बिंदूकडे आलेल्या विटा मिळून एक तुकडा होतो आणि त्याची कड आपोआप दातेरी येते.

इथेच पुढचा घोटाळा दडलेला असतो. टक्कर मोजण्यासाठी इंजिन प्रत्येक तुकड्याभोवती बहिर्वक्र कवच ओढते. दातेरी तुकड्याचे कवच दात झाकून घेते, म्हणून शेजारच्या दोन तुकड्यांची कवचे एकमेकांत घुसलेली असतात. तुकडे मोकळे होताच इंजिनातला टकरी सोडवणारा भाग, सॉल्व्हर, ही घुसखोरी सोडवायला त्यांना जोराने बाजूला ढकलतो आणि बॉम्ब न पडताही भिंत उसळते. ओळखण्याची चाचणी सोपी आहे: शून्य जोर देऊन भिंत मोकळी करावी. निरोगी भिंत खाली ढासळते, बिघडलेली बाहेर उडते. बरेच जण अशा वेळी स्फोटाचा जोर कमी करत बसतात, पण दोष जोरात नसतो. दिसणारा आकार विटांचा ठेवावा आणि टकरीचे कवच मूळ व्होरोनॉय पेशीपासून घ्यावे, कारण ती पेशी बहिर्वक्रच असते. कवच प्रत्येक बाजूने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत ओढले की शेजारी सुटे राहतात.

यानंतर आधाराचा आलेख, म्हणजे कोणता तुकडा कोणाला जोडलेला आहे याचे जाळे. ज्या दोन तुकड्यांचा सामाईक पृष्ठभाग पुरेसा मोठा आहे, त्यांच्यात दुवा नोंदवायचा. जमिनीला टेकलेली सर्वांत खालची रांग म्हणजे नांगर. वीट आणि आरसीसी यांचा सांधा कच्चा असतो, प्लास्टरला तडा पहिल्यांदा तिथेच जातो. म्हणून कॉलमांना आणि वरच्या बीमला नांगर मानलेले नाही. प्रत्येक माऱ्यानंतर नांगरांपासून आलेखात शोध घ्यायचा. जिथवर शोध पोहोचत नाही, ते तुकडे अधांतरी.

आता मारा करून पाहू. जमिनीपासून १ मीटर उंचीवर, डाव्या कडेपासून ०.७५ मीटरवर ०.९ मीटर त्रिज्येचा स्फोट झाला. साधारण १६ तुकडे सुटतात, बाकीची भिंत उजव्या बाजूच्या आधाराने उभी राहते. तितकाच स्फोट उजवीकडे, २.२५ मीटरवर झाला की आणखी १५ तुकडे सुटतात. पण दोन भगदाडे मिळून भिंत आडवी आरपार कापली जाते आणि वरचे सुमारे २४ तुकडे एकाच क्षणी अधांतरी होतात. सारख्या जोराच्या दुसऱ्या माऱ्याला १६ ऐवजी ३९ तुकडे जागे होतात. फ्रेम अडकते ती इथे, आणि एकेक स्फोट तपासणाऱ्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

त्यासाठी वरचा भाग सुटा न सोडता सहा-सहा तुकड्यांचे चार गठ्ठे करून पाडतात. तेव्हा १५ अधिक ४, म्हणजे १९ वस्तूच हलतात. गठ्ठा जमिनीवर आदळल्यावर फुटतो, तोवर आधीचे बरेच तुकडे निजलेले असतात. खर्च टळत नाही, पुढच्या काही फ्रेमांवर पसरतो.

```
loose = wall.NotReachableFromAnchors()
room  = MAX_AWAKE - AwakeDebris()
if loose.count > room:
    wall.ReleaseAsClusters(loose, 6)
else:
    wall.ReleaseSingly(loose)
```

गठ्ठ्यांनाही जागा उरली नाही तर जुने तुकडे निवृत्त करावे लागतात. आधी पडद्याबाहेरचे, मग लांबचे, मग लहान. समोर दिसणारा तुकडा एकदम गायब करू नये. त्याची टक्कर बंद करून अर्ध्या सेकंदात जमिनीत उतरवावा आणि जागेवर डेब्रिजचा स्थिर ढीग ठेवावा. मुठीएवढे तुकडे तर भौतिकीत आणूच नयेत, ते कणांच्या इफेक्टचे काम. मधल्या आकाराचे तुकडे जमिनीशी टकरावेत, आपापसात नाही. ढिगातले स्पर्श त्यामुळे झपाट्याने कमी होतात. तुकडे एकमेकांत थोडे रुततात, ते धुळीत खपून जाते.

`MAX_AWAKE` म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती तुकडे जागे राहू द्यायचे ती मर्यादा. तिचा आकडा दुसऱ्याच्या गेममधून उचलू नये. मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनवर १०, २०, ४०, ८० तुकडे एकाच खळग्यात पाडावेत आणि ढीग बसत असताना भौतिकीला लागलेला सर्वांत वाईट वेळ टिपावा. सरासरी इथे फसवते. मोजणी एसीत, नुकत्या चालू केलेल्या फोनवर केली तर आकडा मोठा येतो. मुंबईच्या मे महिन्यात वीस मिनिटे खेळलेला फोन तापून आपला वेग उतरवतो, खेळणाऱ्याच्या हातात असतो तो हा फोन. म्हणून तापलेल्या फोनवरचाच आकडा घ्यावा. भौतिकीचे एक पाऊल ठरल्या वेळेत संपले नाही, तर इंजिन मागे पडलेली पावले एकाच फ्रेममध्ये भरून काढू लागते आणि फ्रेम आणखी लांबते. युनिटीत `Maximum Allowed Timestep` कमी ठेवला तर हे चक्र तुटते. क्षणभर खेळ संथ होतो, पण गोठत नाही.

ढीग पडून काही सेकंद झाले तरी जाग्यांची संख्या उतरत नसेल, तर बहुधा लांबट, पातळ कपच्या थरथरत असतात किंवा जड तुकड्याखाली फार हलका तुकडा दबलेला असतो. कपच्या बनवतानाच शेजारच्या तुकड्यात मिसळाव्यात. वजने खरी ठेवण्याचा हट्ट नसावा. सर्वांत हलक्या आणि सर्वांत जड तुकड्यात दहापटीहून जास्त फरक राहू देऊ नये.

अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये तुकड्यांच्या जागा नेटवर्कवरून पाठवणे परवडत नाही, आणि गरजही नाही. कोणता तुकडा भिंतीत आहे आणि कोणता सुटला, एवढेच सर्व्हरने ठरवावे. ६० तुकड्यांना ६० बिट, म्हणजे ८ बाइटांत पूर्ण भिंत मावते. पडलेले डेब्रिज प्रत्येकाच्या फोनवर वेगळे दिसले तरी चालते, पण मग त्याने खेळाडूला अडवता कामा नये आणि गोळीही थांबवता कामा नये. आडोसा देणारा ढीग हवाच असेल, तर त्याचा आकार आधी ठरवून तो सर्व्हरनेच मांडावा.