दारू उतरवणारी कॉफी

कडक, बिनसाखरेची काळी कॉफी पाजली की चढलेली दारू उतरते, असा एक समज. मराठवाड्यात हे काम पूर्वी लिंबूपाणी, ताक किंवा डोक्यावर ओतलेल्या गार पाण्याकडे असे. आता त्यात कॉफीची भर पडली आहे. 'पाज त्याला कडक कॉफी, उतरंल' हे लातूर-नांदेड रस्त्यावरच्या धाब्यावरही ऐकू येते. यातल्या कशानेच रक्तातली दारू कमी होत नाही.

दारू मोडते मुख्यतः यकृतात, विकरांच्या मदतीने, आणि या कामाचा वेग जवळपास ठरलेला असतो. तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम. कॅफीनचा या विकरांच्या वेगावर परिणाम होत नाही.

समजा, ७० किलो वजनाच्या माणसाने एका बैठकीत एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्की संपवली. तिच्यात ४२.८ टक्के अल्कोहोल धरले, तर सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात गेले. रात्री अकराला त्याच्या रक्तातले प्रमाण १२० मिलिग्रॅमच्या आसपास असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. तिथवर उतरायला सहा तास, म्हणजे पहाटेचे पाच वाजतील. मध्ये तीन कप कॉफी घेतली तरी पाचच वाजतील. जेवण, शरीराची ठेवण आणि पिण्याची सवय यांनी हे आकडे पुढेमागे होतात, कॉफीने नव्हे.

मग कॉफीने माणूस शुद्धीवर आल्यासारखा का दिसतो? मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन साचत गेले की झोप येते. दारूच्या गुंगीतही त्याचा काही वाटा असतो. कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या ग्राहींवर जाऊन बसते आणि त्याची वाट अडवते. अर्ध्या-पाऊण तासात डोळे उघडतात, जीभ सुटते. पण दारूचा मारा मेंदूतल्या इतर यंत्रणांवरही असतो आणि तिथे कॅफीनचा उपयोग नाही. ब्रेक दाबायला लागणारा उशीर, गेलेला तोल, अंतराचा चुकलेला अंदाज यांवर भरवसा ठेवण्याइतका फरक पडत नाही. श्वास तपासणाऱ्या यंत्रावरचा आकडाही हलत नाही.

झोपाळू दारुड्या निदान खाटेवर पडून राहतो. कॉफी प्यालेला 'आता बरं वाटतंय' म्हणत गाडीची किल्ली मागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये कॅफीन मिसळलेल्या मद्यपेयांच्या उत्पादकांना इशारे दिले, त्यामागे हेच कारण होते. नशा तेवढीच राहते, ती जाणवत मात्र नाही.

हाका मारूनही न उठणाऱ्याच्या तोंडात कॉफी ओतणे तर धोक्याचेच, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. अशाला उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवतात. श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलावतात.